‘सपाट वाटतंय’ म्हणजे नेमकं कुठे? पहिल्या रेकॉर्डिंगनंतर स्क्रिप्ट ओळीनुसार कशी दुरुस्त करायची

पहिलं रेकॉर्डिंग चार जणांना ऐकवलं की एखादा तरी म्हणतोच, “छान आहे, पण जरा सपाट वाटतंय.” यावर बहुतेक जण दोनपैकी एक चूक करतात. काही जण तीच स्क्रिप्ट पुन्हा वाचतात, फक्त जास्त जोशात. काही जण स्क्रिप्ट उघडून ‘धक्कादायक’, ‘थरारक’, ‘अविश्वसनीय’ अशी विशेषणं पेरत जातात. दुसरं रेकॉर्डिंग मग पहिल्यापेक्षा थकवणारं होतं आणि सपाटपणा होता तिथेच राहतो. तो कुठल्या ओळीत आहे हे कोणी शोधलेलंच नसतं.

हा लेख एकाच प्रकारच्या कामासाठी आहे: एकट्या निवेदकाने लिहून वाचलेला, आठ-दहा मिनिटांचा माहितीपर एपिसोड. मुलाखत किंवा श्रुतिका यांची दुरुस्ती वेगळ्या वाटेने जाते, तिच्यात इथे शिरत नाही. उदाहरण म्हणून माझ्याच एका एपिसोडची सुरुवात घेते. विषय होता डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस आणि व्हिएन्नाचं सार्वजनिक रुग्णालय, साल १८४७: तिथल्या दोन प्रसूती विभागांपैकी एकात बाळंतिणी जास्त का दगावतात, याचा त्यांनी लावलेला शोध.

## तयारी: स्क्रिप्टला एक दिवस हात लावू नका

अभिप्राय आल्या आल्या स्क्रिप्ट उघडली तर आपण ती डोळ्यांनी तपासायला लागतो, आणि डोळ्यांना ती बरीच बरी दिसते. दोष कानाला जाणवलेला असतो, म्हणून शोधही कानानेच करायचा. एक दिवस जाऊ द्या. तोवर हे तयार ठेवा.

रेकॉर्डिंगची मूळ फाइल काढा. तिच्यात संगीत नको, आवाजावर केलेली प्रक्रिया नको. स्क्रिप्टची छापील प्रत घ्या, ओळींना क्रमांक द्या आणि उजवीकडे रुंद समास सोडा. प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर असू द्या. परिच्छेदात लपून राहिलेली वाक्यांची लांबी अशा मांडणीत लगेच दिसते. एक पेन्सिल हवी. आणि स्क्रिप्टची फाइल नव्या नावाने साठवा, म्हणजे जुनी ओळ परत हवीशी वाटली तर सापडेल. ती हवीशी वाटतेच.

तपासून घ्या: छापलेली प्रत तुम्ही खरोखर वाचलेलीच आहे ना? माइकसमोर बसून ऐनवेळी केलेले बदल फाइलमध्ये उतरवलेले नसतील तर पुढची सगळी ओळमोजणी चुकेल.

## टप्पा १: श्रोत्याला ‘का’ विचारू नका, ‘कुठे’ विचारा

माझ्या मामेबहिणीने एपिसोड ऐकला आणि म्हणाली, “ताई, चांगलं झालंय गं, पण जरा सपाट वाटलं.” पूर्वी मी लगेच विचारायचे, “म्हणजे काय? का वाटलं?” असं विचारलं की समोरच्या माणसाला काहीतरी कारण देणं भाग पडतं. ती म्हणायची, “आवाज थोडा चढवून बघ,” किंवा “मागे संगीत टाक.” सल्ला मनापासून दिलेला असायचा, पण कंटाळा का आला हे तिला तरी कसं कळणार? कंटाळा आला एवढंच तिला ठाऊक होतं. म्हणून आता मी श्रोत्याने दाखवलेली जागा खरी मानते आणि उपाय मात्र स्वतः शोधते.

जागा काढून घेण्यासाठी तीन प्रश्न पुरतात.

पहिला: ऐकताना हात किंवा मन दुसऱ्या कशाकडे कधी गेलं?
दुसरा: आत्ता पुन्हा न ऐकता, काय काय आठवतंय ते सांग.
तिसरा: पुढे काय होणार हे कुठे आधीच कळलं होतं?

तिची उत्तरं मी तिच्याच शब्दांत लिहून घेतली. पहिल्याला ती म्हणाली, “ते दोन विभागांचं सांगत होतीस ना, तेव्हा मी मेसेज बघितला.” ती जागा विसाव्या सेकंदाच्या आसपास होती. आठवणीत काय उरलं, तर कोणालातरी सुरी लागली आणि डॉक्टर हात धूत नव्हते. एकही आकडा नाही. दोन्ही विभाग एकाच रुग्णालयात होते हेही तिला आठवत नव्हतं, आणि एपिसोडचा सगळा पेच त्याच गोष्टीवर उभा होता. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर क्षणात आलं: “अगं, हात धुतल्याने होणार हे तू पहिल्याच वाक्यात सांगून टाकलंस की.”

इथे दोष निम्मा उघडा पडला होता.

इशारा: उत्तरं ऐकताना खुलासा देऊ नका. “नाही गं, ते पुढे येतं” असं एकदा म्हटलंत की श्रोता तुम्हाला सांभाळून बोलायला लागतो. मग खरं उत्तर मिळत नाही.

तपासून घ्या: निदान एका जागेची वेळ तुमच्याकडे लिहिलेली हवी. श्रोत्याला जागा सांगताच येत नसेल तर शेजारी बसून पुन्हा ऐकवा आणि लक्ष निसटलं की फक्त बोट वर करायला सांगा. बोलायला सांगू नका. बोलायचं म्हटलं की माणूस विचार करायला लागतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. लक्ष जिथे उडालं तिथेच दोष असतो असं नाही, अनेकदा तो थोडा आधी असतो. बोट वर झालं तिथून साधारण अर्धा मिनिट मागे जाऊन ऐका. माझ्या बहिणीचं लक्ष चौथ्या ओळीला उडालं, पण त्याचं बी पहिल्या ओळीत होतं.

## टप्पा २: दोष स्क्रिप्टचा, वाचनाचा की यंत्राचा?

स्क्रिप्टवर पेन्सिल चालवण्याआधी हे ठरवावंच लागतं. नाहीतर चांगल्या ओळी विनाकारण मारल्या जातात.

यंत्राची तपासणी चटकन होते. प्रक्रिया केलेली फाइल आणि मूळ फाइल यांतली तीच वीस सेकंदं एकामागून एक ऐका. मूळ आवाजात चढउतार असतील आणि तयार फाइलमध्ये सगळं एकाच पातळीवर बसलं असेल, तर गोंगाट काढण्याची किंवा आवाज समान करण्याची मात्रा जास्त झाली आहे. ती कमी करा, स्क्रिप्ट तशीच राहू द्या.

वाचनाची तपासणी जास्त महत्त्वाची आहे. स्क्रिप्ट उलटी ठेवा. समोर एक माणूस बसवा आणि ज्या भागावर बोट आलं तो भाग त्याला आठवून सांगा. तेवढं फोनवर रेकॉर्ड करा. माणूस खरोखर समोर असायला हवा, कारण नुसत्या माइकला सांगताना आपण मनातल्या मनात स्क्रिप्टच वाचत असतो.

मग दोन्ही रेकॉर्डिंग लागोपाठ ऐका. सांगितलेलं जिवंत वाटलं आणि वाचलेलं मेलेलं, तर दोष लिहिण्यात आहे. दोन्ही सारखीच मेलेली असतील, तर त्या भागात सांगण्यासारखं काही नाही. वाक्यं फिरवून उपयोग नाही, तो भाग काढा किंवा नवी माहिती शोधा. आणि तीच स्क्रिप्ट दुसऱ्या कोणी वाचली तर चांगली वाटते असं दिसलं, तर दोष त्या दिवशीच्या वाचनाचा आहे. विश्रांती घेऊन पुन्हा वाचा.

मी सांगताना काय झालं? फोनवर माझाच आवाज ऐकला: “एकच हॉस्पिटल गं, पण बायका डॉक्टरांच्या वॉर्डात जायला तयारच नाहीत! गुडघ्यांवर बसून विनवण्या करायच्या, आम्हाला सुईणींच्या वॉर्डात पाठवा म्हणून.” ही गोष्ट खुद्द सेमेलवाइसनी नोंदवून ठेवली आहे. माझ्या टिपणवहीत ती होती, पण स्क्रिप्टमध्ये नव्हती. लिहिताना मला ती ‘मुद्द्याबाहेरची’ वाटली होती. बोलताना मात्र मी सुरुवातच तिच्यापासून केली.

तपासून घ्या: सांगताना आपोआप आलेली पण स्क्रिप्टमध्ये नसलेली प्रत्येक गोष्ट समासात लिहा. या चाचणीतून हाती येणारा सगळ्यात मोलाचा ऐवज हाच.

## टप्पा ३: पेन्सिल हातात घेऊन ऐका

आता छापील प्रत समोर ठेवून मूळ रेकॉर्डिंग ऐका. मध्ये थांबवायचं नाही, वाक्यं सुधारायची नाहीत, फक्त खुणा करायच्या. जिथे श्वास घेतला तिथे उभी रेघ. आवाज ज्या शब्दावर खरोखर चढला त्याखाली आडवी रेघ. वाक्याचा शेवटचा शब्द गोलात. आणि लिहिलं एक, वाचलं दुसरंच, अशा जागी नागमोडी रेघ.

नागमोडी रेघ म्हणजे फुकट मिळालेली दुरुस्ती. मी लिहिलं होतं ‘कार्यरत असलेले’ आणि जीभ म्हणाली ‘काम करणारे’. अशा जागी जिभेचं ऐका. दोनदा अडखळून तिसऱ्यांदा नीट वाचलेलं वाक्यही याच खुणेत धरा, भले तो टेक नंतर साफ झाला असेल.

माझी खुणा केलेली सुरुवात अशी होती (खुणा इथे दाखवता येत नाहीत, वाक्यं मात्र जशीच्या तशी):

> १. १८४७ साली व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात कार्यरत असलेले डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांनी हात धुण्याने प्रसूतीनंतरचे मृत्यू टाळता येतात हे दाखवून दिले.
> २. या रुग्णालयात दोन प्रसूती विभाग होते.
> ३. पहिल्या विभागात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी काम करत होते.
> ४. दुसऱ्या विभागात सुईणी काम करत होत्या.
> ५. पहिल्या विभागातील मृत्यूचे प्रमाण ९.९ टक्के, तर दुसऱ्या विभागातील ३.९ टक्के होते.
> ६. या फरकाचे कारण शोधण्याचा सेमेलवाइस प्रयत्न करत होते.
> ७. मार्च १८४७ मध्ये त्यांचे मित्र याकोब कोलेच्का यांचा शवविच्छेदनादरम्यान एका विद्यार्थ्याची सुरी बोटाला लागल्यामुळे मृत्यू झाला.
> ८. मे महिन्यात हात धुण्याचा नियम करण्यात आला आणि मृत्यूचे प्रमाण १८.३ टक्क्यांवरून २.२ टक्क्यांवर आले.

माहितीत चूक नाही. छापलं असतं तर कोणी नाव ठेवलं नसतं.

## टप्पा ४: सपाटपणाला नाव द्या

‘सपाट’ हा एकच शब्द निदान तीन वेगळ्या दुखण्यांना वापरला जातो, आणि तिन्हींची औषधं वेगळी आहेत. खुणा बघून आधी नाव ठरवा.

### उत्तर आधीच फुटलेलं

ओळ १ बघा. हात धुण्याने मृत्यू टळतात, हे कळल्यावर ओळी २ ते ८ म्हणजे नुसता पुरावा. श्रोता शोध घेत नाही, वाट बघत बसतो. बातमीत निष्कर्ष आधी देतात, कारण वाचक अर्ध्यावर सोडून जाईल हे गृहीत असतं. ऐकणाऱ्याला तुम्ही शेवटपर्यंत बरोबर न्यायचं ठरवलंय. ओळखायची खूण सोपी आहे: पहिलं वाक्य झाकून बाकीचा परिच्छेद वाचा. तो जास्त ओढून घेत असेल तर दुखणं हेच.

### सगळ्या वाक्यांचा हेल एकच

गोलात घेतलेले शब्द वरून खाली वाचा: होते, होते, होत्या, होते, होते. आठ ओळींत सलग पाच. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून हा धोका आपल्याला जास्त आहे. प्रत्येक ‘होते’वर आवाज तितकाच खाली उतरतो आणि पाच वेळा एकच पायरी उतरल्यावर कान थकतो. निवेदकाने कितीही जोर लावला तरी ही पायरी हलत नाही, कारण ती वाक्यातच बांधलेली आहे.

‘होते’चं ‘होतं’ केलं, म्हणजे लेखी रूपाऐवजी बोली रूप घेतलं, की भाषा जवळची वाटते. ते कराच. पण तेवढ्याने हेल बदलत नाही. वाक्याचा शेवट बदलायला हवा: कुठे क्रियापद गाळून, कुठे ते आधी आणून, कुठे दोन वाक्यं जोडून.

### जोराचा शब्द पुरला गेलेला

हे सगळ्यात कमी ओळखलं जाणारं दुखणं, म्हणून इथे थोडं थांबते.

मराठीत सहज बोलताना जोर बहुधा क्रियापदाच्या अगदी आधीच्या शब्दावर पडतो. ‘विद्यार्थ्याने सुरी उचलली’ यात कान सुरीकडे जातो. ‘सुरी विद्यार्थ्याने उचलली’ म्हटलं की विद्यार्थ्याकडे. शब्द तेच, पण बातमी बदलली. म्हणजे वाक्यातली नवी गोष्ट क्रियापदाला चिकटून असली तर आवाज आपोआप तिच्यावर चढतो. ती लांब राहिली तर निवेदकाला जोर ओढूनताणून द्यावा लागतो, आणि तो खोटा ऐकू येतो.

आता ओळ ८: ‘हात धुण्याचा नियम करण्यात आला’. क्रियापदाला चिकटलाय ‘नियम’. रेकॉर्डिंगमध्ये माझा आवाज ‘नियम’वरच चढलेला होता. हात मागे राहिले आणि नियम कोणी केला ते तर वाक्यात नाहीच. ‘करण्यात आला’ या रचनेत माणूस गायब होतो. ओळ ७ मध्ये उलट घोटाळा आहे: मित्र, शवविच्छेदन, विद्यार्थी, सुरी, बोट, मृत्यू, इतक्या नव्या गोष्टी एका दमात. आडवी रेघ मारायला गेले तर कुठेच मारता येईना. आवाज काही ठरवू शकला नाही आणि सरळ चालत राहिला.

तपासून घ्या: वाक्यात एकही आडवी रेघ नसेल तर बहुधा वाक्यात बातम्या जास्त आहेत. रेघ नको त्या शब्दाखाली असेल तर शब्दांचा क्रम चुकलाय.

## टप्पा ५: दुरुस्त्या आधी यादीत, मग स्क्रिप्टमध्ये

थेट स्क्रिप्टमध्ये टाइप करायला बसू नका. प्रत्येक दुरुस्ती एका ओळीत लिहा: कुठली ओळ, काय करायचं, कशासाठी. ‘कशासाठी’ लिहिता येत नसेल तर ती दुरुस्ती नव्हे, चाळा आहे.

क्रमही ठरलेला आहे. आधी गोष्टींची जागा, मग वाक्यांची लांबी आणि शेवट, सगळ्यात शेवटी शब्द. बहुतेक जण उलट जातात: तासभर एका वाक्याचा शब्द घासतात आणि नंतर लक्षात येतं की ते वाक्यच काढायचं होतं.

माझी यादी:

- ओळ १ काढणे. निष्कर्ष आधीच फुटतोय. साल आणि शहर ओळ ७ च्या तोंडी नेणे.
- बायकांच्या विनवण्या सुरुवातीला आणणे. प्रश्न श्रोत्याच्या मनात तिथे तयार होतो.
- एका दिवशीच्या बायका एका विभागात, दुसऱ्या दिवशीच्या दुसऱ्या विभागात, हे घालणे. ‘एकच रुग्णालय’ लक्षात राहिलं नव्हतं.
- ओळ ३ आणि ४: शेवट बदलणे. सलग ‘होते’.
- ओळ ५: दशांश काढणे. कान दशांश धरून ठेवत नाही. ‘शंभरातल्या दहा’ आणि ‘चार’.
- ओळ ६ छोटी करणे.
- ओळ ७ फोडणे, एका वाक्यात एकच बातमी.
- ओळ ७ आणि ८ मध्ये हरवलेली पायरी घालणे: पहिल्या विभागातले डॉक्टर शवविच्छेदन करून येत. ही पायरी गाळल्याने नियम कशासाठी केला तेच कळत नव्हतं.
- ओळ ८: नियम करणारा माणूस परत आणणे.

यादी करून झाल्यावर लिहिलेली नवी सुरुवात:

> एकच हॉस्पिटल. बाळंतपणाचे वॉर्ड दोन.
> आज आलेल्या बायका पहिल्या वॉर्डात, उद्या आलेल्या दुसऱ्या.
> पण पहिल्या वॉर्डाचं नाव ऐकलं की बायका गुडघ्यांवर बसायच्या, विनवण्या करायच्या. तिथे नको.
> त्या वॉर्डात होते डॉक्टर आणि शिकणारे विद्यार्थी. दुसऱ्यात सुईणी.
> आणि शंभर बाळंतिणींमागे, डॉक्टरांच्या वॉर्डात दहा दगावायच्या. सुईणींकडे चार.
> व्हिएन्ना, १८४७चा मार्च. डॉक्टर सेमेलवाइस कारण शोधतायत. सापडत नाही.
> त्याच महिन्यात त्यांचे मित्र कोलेच्का गेले.
> शवविच्छेदन चालू असताना एका विद्यार्थ्याची सुरी त्यांच्या बोटाला लागली होती.
> कोलेच्कांच्या देहात जे दिसलं, ते सेमेलवाइसना ओळखीचं होतं. दगावलेल्या बाळंतिणींमध्ये तेच दिसायचं.
> पहिल्या वॉर्डातले डॉक्टर शवविच्छेदन करून वॉर्डात यायचे. सुईणी शवविच्छेदन करत नव्हत्या.
> मे महिन्यात सेमेलवाइसनी सांगितलं, आधी क्लोरिनच्या पाण्यात हात धुवायचे.
> एप्रिलमध्ये शंभरातल्या अठरा गेल्या होत्या. जूनमध्ये दोन.

‘दहा’, ‘अठरा’, ‘दोन’ हे आकडे मी अक्षरांत लिहिले, कारण वाचताना डोळा अंकावर अडतो आणि आवाज हिशेबाच्या सुरात जातो.

जुन्या सुरुवातीत ‘होते’ने संपणारी पाच वाक्यं लागोपाठ होती. नव्यात लागोपाठची तीन वाक्यं कुठेही एकसारखी संपत नाहीत. ‘त्या वॉर्डात होते डॉक्टर आणि शिकणारे विद्यार्थी’ इथे क्रियापद मुद्दाम आधी आणलंय, म्हणजे आवाज माणसांवर जाऊन थांबतो. ही युक्ती पाच मिनिटांत एकदा वापरावी. दर तिसऱ्या वाक्याला वापरली की नवा हेल तयार होतो आणि तोही तितकाच थकवतो. तुटक वाक्यांचंही तसंच. वर दोन-तीन शब्दांची वाक्यं आहेत, पण मध्ये पूर्ण वाढलेली वाक्यंही राखली आहेत. सगळीच तोडली असती तर कान सारखा ठेचकाळत राहिला असता.

इशारा: सपाटपणा घालवताना नसलेला तपशील घुसवण्याचा मोह होतो. पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं होतं, ‘बोटाला एवढीशी जखम’ आणि ‘वॉर्डाच्या दाराशी पाण्याचं भांडं’. दोन्ही डोळ्यांसमोर छान उभं राहत होतं. पण जखम किती मोठी होती आणि भांडं कुठे होतं, यांतलं काहीही माझ्या टिपणांत नव्हतं, ते मी कल्पनेने भरलं होतं. दोन्ही काढलं. माहितीपर एपिसोडमध्ये ओळ जिवंत करायची ती तुमच्याकडे असलेल्या गोष्टी हलवून. नवा तपशील हवा असेल तर परत वाचायला बसा.

## टप्पा ६: माइकआधी एक वाचन, मग पॅच

नवा भाग आधी उभं राहून, मोठ्याने, एखाद्या माणसाला वाचून दाखवा. जिथे जीभ पुन्हा शब्द बदलेल तिथे लगेच बदला. वेळही लावा. माझा जुना भाग पाऊण मिनिटाचा होता, नवा सव्वा मिनिटाच्या आसपास गेला. ते अर्धं मिनिट मी पुढच्या एका परिच्छेदातून वसूल केलं, कारण तिथे हीच माहिती पुन्हा सांगितली होती.

संपूर्ण एपिसोड पुन्हा रेकॉर्ड करायची गरज सहसा नसते. बदललेल्या भागाचा पॅच करा, म्हणजे तेवढाच भाग पुन्हा वाचून जुन्या रेकॉर्डिंगला जोडा, पण तो बदलाच्या पहिल्या शब्दापासून सुरू करू नका. आधीचा परिच्छेद वाचत या म्हणजे सूर आणि वेग जुळतो. जोड नंतर श्वासाच्या जागी द्या. माइकपासूनचं अंतर आधीइतकंच ठेवा. सुरुवातीचाच भाग बदलला असेल, जसा माझा, तर उलट करा: बदललेला भाग वाचून पुढचा जुना परिच्छेदही वाचा आणि तिथे जोड शोधा.

तपासून घ्या: जोडाच्या आधीची आणि नंतरची दहा-दहा सेकंदं डोळे मिटून ऐका. खोली बदलल्यासारखी वाटली तर अंतर किंवा पातळी चुकली आहे. माणूस बदलल्यासारखा वाटला तर वेग चुकलाय, पॅच पुन्हा करा.

## टप्पा ७: पुन्हा ऐकवा, पण काय बदललं ते सांगू नका

एक जुना श्रोता आणि एक अगदी नवा, असे दोघे पुरतात. जुन्याला “आता बरं वाटतंय का?” असं विचारलं तर उत्तर ‘हो’च येणार. पहिल्या टप्प्यातले तेच तीन प्रश्न त्याच क्रमाने विचारा आणि उत्तरं जुन्या कागदाशेजारी लिहा. तुलना उत्तरांची करायची. कौतुकाची नाही.

माझ्या बहिणीला या वेळी एकच हॉस्पिटल, दोन वॉर्ड आणि विनवण्या करणाऱ्या बायका, तिन्ही आठवत होतं. “डॉक्टर तिथूनच यायचे हे ऐकलं तेव्हा कळलं मला,” असं ती म्हणाली. म्हणजे उत्तर आता दहाव्या ओळीला फुटत होतं, जिथे फुटायला हवं तिथे. आकड्यांपैकी तिला दहा आणि चार आठवले.

नवे श्रोते माझे शेजारी काका होते. त्यांचं लक्ष कुठेही उडालं नाही, पण शेवटी त्यांनी विचारलं, “आधी दहा म्हणालीस, मग हे अठरा कुठून आले?” त्यांचं बरोबर होतं. दहा हे १८४१ ते १८४६ या वर्षांचं सरासरी प्रमाण आणि अठरा हे १८४७च्या एकट्या एप्रिलचं. कागदावर टक्क्यांसोबत महिना दिसतो म्हणून मला ते खटकलं नव्हतं, कानाला मात्र गाठ बसली होती. मी पाचव्या ओळीत ‘दर वर्षी सरासरी’ एवढे शब्द घातले आणि शेवटची ओळ अशी केली: ‘त्या एप्रिलमध्ये तर शंभरातल्या अठरा गेल्या होत्या. जूनमध्ये दोन.’ त्या दोन ओळींचा पॅच दुसऱ्या दिवशी सकाळी केला.